डब्यापेक्षा हुलगा बरा, पण मोजून

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला आणि जिमला जाणारी पोरं हिरमुसली. एका आजींनी तो सल्ला वाचायच्या आधीच नातवाचा पावडरीचा डबा उघडून हुंगला होता. "यात काय घातलंय ते तुला तरी ठाऊक आहे का रे?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांचा प्रश्न रास्त होता. केरळचे डॉ. सिरियाक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. काहींत तर लिहिल्याच्या निम्मीच प्रथिने होती.

मग आजींनी हुलग्याची शेंगोळी करायला घेतली. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, तिखट, ओवा आणि मीठ घालून त्या घट्ट मळतात. पीठ सैल झालं की शेंगोळी पाण्यात विरघळते. हातावर वळलेली कडी लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची आणि शिजत आल्यावर एक मोडून बघायची. आत कोरडं पीठ दिसलं तर अजून वेळ आहे.

नातू दिवसभराची प्रथिने मोजायला वजनकाटा घेऊन बसला आणि तिथेच घोळ झाला. शंभर ग्रॅम मटकीत १९-२० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणून त्याने वाटीभर उसळीला २० ग्रॅम धरले. पण तो आकडा कोरड्या मटकीचा. भिजून, मोड येऊन तिचं वजन दुपटीच्या आसपास जातं. वाढतं ते पाणी. म्हणून मोजायचं ते भिजत घालण्यापूर्वी.

असा हिशेब केला तर दिवस असा भरतो: साठ ग्रॅम मुगाची धिरडी १४ ग्रॅम, पन्नास ग्रॅम मटकीची उसळ १०, बाजरीच्या दोन भाकरी १३, मूठभर शेंगदाणे ७, साठ ग्रॅम हुलग्याची शेंगोळी १३ आणि पेलाभर दूध ८. एकूण ६५. नातवाचं वजन ६० किलो. किलोमागे ०.८३ ग्रॅम या शिफारशीने त्याला ५० ग्रॅम पुरतात. शिवाय धान्यात कमी असलेलं लायसिन डाळींत मिळतं आणि डाळींतली मेथिओनिनची उणीव भाकरी भरून काढते.

मर्यादाही आहेत. कडधान्यांची प्रथिने दूध-अंड्यांइतकी पचत नाहीत, आणि एकदम वाढवली की पोट फुगतं. आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. जोरदार वजनं उचलणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ९६ ग्रॅम हवे असतील, तर केवळ उसळींवर ते जमवणं जड जाईल. अंडी, दही, पनीर लागेल. १.६ ग्रॅमच्या पुढे वाढवून स्नायूंना फारसा लाभ होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: डॉक्टरांनी सांगितलं नसेल, तर डब्यासाठीचे पैसे मूग, हुलगा आणि दुधावर खर्च करावेत.