कंपनीने फी दिली, मोजणी कधीपासून?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करणारी एक मुलगी आहे. नोकरीला दोन वर्षं झाली आणि आता तिला शनिवार-रविवारचं एमबीए करायचं आहे. एका सत्राची फी ९०,००० रुपये, सत्रं चार. कंपनी ७५ टक्के फी परत देते असं तिला कळतं. एवढं ऐकून बरेच जण थेट प्रवेश घेऊन मोकळे होतात आणि पहिली चूक तिथेच होते. जवळजवळ प्रत्येक धोरणात पूर्वमंजुरीची अट असते. आधी अर्ज, मग साहेबांची आणि एचआरची सही, मग प्रवेश. प्रवेशाच्या पावतीवरची तारीख मंजुरीच्या आधीची निघाली, तर तो अर्ज तिथेच अडकतो.

पात्रतेच्या बाकीच्या अटी समजायला सोप्या आहेत. नोकरीत कायम होऊन ठरावीक काळ, बहुधा वर्षभर, झालेला असावा, अभ्यासक्रम कामाशी निगडित असावा आणि संस्था मान्यताप्राप्त असावी. आपल्या या मुलीने हे सगळं रीतसर केलं.

गुणांची अट मात्र खिशाला लागते, कारण इथे पैसे आधी मिळत नाहीत. फी आपण भरायची, परीक्षा द्यायची आणि निकाल लागल्यावर फीची पावती व गुणपत्रिका जोडून मागणी करायची. तिच्या कंपनीची अट होती, सत्रात किमान ६.० एसजीपीए, तोही पहिल्या प्रयत्नात. तिसऱ्या सत्राच्या सुमारास कारखान्यात ऑडिट आलं, एक विषय राहिला आणि एटीकेटी लागली. पुढे तो विषय सुटला, पदवीही मिळाली, पण त्या सत्राचे पैसे गेले ते गेलेच. उरलेल्या तीन सत्रांचे प्रत्येकी ६७,५०० याप्रमाणे तिला एकूण २,०२,५०० रुपये मिळाले: फेब्रुवारी २०२३, ऑगस्ट २०२३ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये.

त्याबदल्यात तिने लिहून दिलं होतं की २४ महिने नोकरी सोडणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. आता तिने कंपनीला किती पैसे परत करायचे?

याचं उत्तर बॉण्डमधल्या एका वाक्यावर ठरतं आणि तेच वाक्य कोणी वाचत नाही. ‘मुदतीआधी सोडल्यास संपूर्ण रक्कम परत’ असं लिहिलेलं असेल, तर २,०२,५०० रुपये. ‘उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ असेल आणि मोजणी शेवटच्या परतफेडीपासून असेल, तर १४ महिने भरले, १० उरले, म्हणजे ८४,३७५ रुपये. आणि मोजणी प्रत्येक रकमेची वेगळी, ज्या त्या परतफेडीच्या तारखेपासून असेल, तर पहिल्या दोन रकमांची मुदत केव्हाच संपलेली असते. फक्त शेवटच्या ६७,५०० मधले १० महिने उरतात आणि द्यायचे होतात २८,१२५ रुपये. अभ्यासक्रम तोच, मुलगी तीच, राजीनाम्याची तारीख तीच. मला यातली तिसरी पद्धतच न्याय्य वाटते, कारण पहिल्या सत्रात शिकलेलं ती दोन वर्षांहून जास्त काळ त्याच कंपनीच्या कामात वापरत आलेली असते.

‘असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत’ हा सल्ला कँटीनमध्ये हमखास मिळतो. त्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, तेव्हा अटीप्रमाणे त्याला २ लाख रुपये भरावे लागले. ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. तिथे प्रश्न भरतीच्या खर्चाचा होता, शिक्षणाच्या फीचा नव्हता; पण ठरावीक काळ नोकरी करण्याची अट मुळातच बेकायदा आहे, हा समज त्यातून खोटा ठरतो. दुसरीकडे, भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढंच देववतं. म्हणून दोन लाखांच्या फीसाठी कंपनीने पाच लाखांचा बॉण्ड लिहून घेतला, तर पाच लाख द्यावेच लागतील असं नाही.

सही करण्याआधी एचआरला मेलवर दोन प्रश्न विचारा. मोजणी कोणत्या तारखेपासून? आणि कंपनीनेच कामावरून कमी केलं, तर वसुली होणार का? चांगल्या धोरणात या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नसेल तर तेवढी ओळ घालून घ्या. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची अट असेल तर नकार द्या, झेरॉक्स द्या.

आणि नवी कंपनी ‘ते पैसे आम्ही भरतो’ म्हणाली, तर तिचंही पत्र नीट वाचा. ती रक्कम बहुधा जॉइनिंग बोनस म्हणून येते आणि वर्षभरात सोडल्यास परत करण्याची अट त्या पत्रातही असते.