कारणे दाखवा नोटीस आणि करारसमाप्तीचे पत्र

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिलतरा ही औद्योगिक वसाहत आहे. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि लोखंड लाटण्याच्या गिरण्या तेथे मोठ्या संख्येने आहेत. भट्टी एकदा पेटली की तिला लोहखनिज आणि कोळसा ठरल्या वेळी मिळत राहावा लागतो. ट्रक आले नाहीत, तर भट्टीचा वेग कमी करावा लागतो किंवा ती थंड करावी लागते. आणि थंड केलेली भट्टी पुन्हा तापवणे फार खर्चाचे असते. म्हणूनच पुरवठादाराने माल वेळेवर दिला नाही, की खरेदी विभागात पहिला उद्गार निघतो तो असा : ‘याचा करार रद्द करून टाका.’

हा उद्गार स्वाभाविक आहे; परंतु करार रद्द करण्याच्या मार्गावर एक नव्हे, तर दोन पत्रे लागतात. पहिले कारणे दाखवा नोटिशीचे आणि दुसरे करारसमाप्तीचे. पहिले पत्र प्रश्न विचारते, दुसरे निर्णय सांगते. पहिले गेल्यानंतरही करार जिवंत असतो व दोन्ही पक्षांवर त्याची बंधने कायम राहतात. दुसऱ्याने तो संपतो. पुष्कळदा घडते असे, की घाईने पहिल्याच पत्रात दुसऱ्याचा मजकूर लिहिला जातो, किंवा पहिल्यात जे विचारलेच नव्हते त्याची शिक्षा दुसऱ्यात दिली जाते. न्यायालयात प्रकरण कोसळते ते बहुधा याच ठिकाणी.

कल्पनेने एक उदाहरण घेऊ. सिलतऱ्याच्या एका कारखान्याने कोळशासाठी एका पुरवठादाराशी एप्रिलपासून बारा महिन्यांचा करार केला आहे. दरमहा 1,000 टन कोळसा यावयाचा आहे. करारात एक कलम असे आहे, की पुरवठ्यात कसूर झाल्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन, खुलासा समाधानकारक नसल्यास, करार संपवता येईल, अनामत रक्कम जप्त करता येईल आणि उरलेला माल पुरवठादाराच्या जोखमीवर व खर्चावर दुसरीकडून घेता येईल. पहिले चार महिने सुरळीत गेले. मग ऑगस्टमध्ये 620 टन, सप्टेंबरमध्ये 540 टन आणि ऑक्टोबरमध्ये 480 टन माल आला. तीन महिन्यांची तूट 1,360 टनांची झाली.

आता नोटीस कशी लिहावी? ‘आपला पुरवठा असमाधानकारक आहे, तरी खुलासा करावा,’ एवढ्या एका वाक्याने काही साधत नाही. कारण पुरवठादाराला उत्तर कशाचे द्यावयाचे तेच त्यातून कळत नाही. नोटिशीत कराराचा क्रमांक व दिनांक हवा. कोणत्या महिन्यात किती माल यावयाचा होता व किती आला हे आकडे हवेत, आणि ते वजनकाट्याच्या पावत्यांशी जुळले पाहिजेत. कराराचे कोणते कलम मोडले हे सांगितले पाहिजे. कोणती कारवाई योजिली आहे हे स्पष्ट लिहिले पाहिजे. उत्तर किती दिवसांत व कोणाकडे द्यावयाचे, आणि ते न आल्यास उपलब्ध कागदपत्रांवरून निर्णय होईल, हेही लिहिले पाहिजे. पंधरा दिवस मोजावयाचे ते पत्र हाती पडल्यापासून. म्हणून ते करारात दिलेल्या पत्त्यावर पाठवून पोच जपून ठेवावी लागते.

यांपैकी ‘योजिलेली कारवाई’ हा भाग सर्वांत अधिक वेळा राहून जातो. त्याची किंमत काय पडते, हे भारतीय अन्न महामंडळाच्या एका प्रकरणावरून दिसते. शेजारच्या मध्य प्रदेशात पहारेकऱ्यांच्या भरतीची परीक्षा घेण्याचे काम महामंडळाने यूएमसी टेक्नॉलॉजीज या संस्थेला दिले होते. परीक्षा 1 एप्रिल 2018 रोजी झाली. प्रश्नपत्रिका फुटल्याचा संशय येऊन ग्वाल्हेरमध्ये पोलिसांनी काही जणांना हस्तलिखित कागदांसह पकडले. महामंडळाने 10 एप्रिल 2018 रोजी संस्थेला नोटीस दिली. निविदेतील कलमांचा उल्लेख केला आणि पंधरा दिवसांत उत्तर मागितले. उत्तर न आल्यास ‘योग्य तो निर्णय’ घेतला जाईल, असेही बजावले. पुढे 9 जानेवारी 2019 रोजी अंतिम आदेश निघाला. त्यात करार संपवला होताच. शिवाय संस्थेला पाच वर्षांसाठी काळ्या यादीत टाकले होते.

उच्च न्यायालयात संस्थेला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र नोव्हेंबर 2020 मध्ये आदेशाचा काळ्या यादीपुरता भाग रद्द केला. कारण साधे होते. काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे, असे नोटिशीत कोठेही म्हटलेले नव्हते. ‘योग्य तो निर्णय’ या शब्दांवरून संस्थेने हा अर्थ ओळखून घ्यावा, अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने धरले. करार संपला, तर एक काम जाते. काळ्या यादीत नाव गेले, तर इतर सरकारी कार्यालयांची दारेही बंद होऊ लागतात. एवढ्या मोठ्या परिणामाविरुद्ध बोलण्याची संधी द्यावयाची, तर तो परिणाम आधी नाव घेऊन सांगितला पाहिजे. या प्रकरणातील दोष अपराधाच्या वर्णनात नव्हता. शिक्षेचे नाव न घेण्यात होता.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. अन्न महामंडळ ही सार्वजनिक संस्था आहे. राज्यघटनेच्या 14 व्या अनुच्छेदाचे व नैसर्गिक न्यायाचे बंधन तिच्यावर आहे. सिलतऱ्याच्या खाजगी कारखान्यावर ते बंधन त्याच रूपात नाही; तेथे नोटिशीचा आधार मुख्यतः करारातील कलम आणि 1872 चा करार कायदा हा असतो. पण करारातच पंधरा दिवसांची नोटीस लिहिलेली असेल, तर ती न देता करार तोडणारा कारखाना स्वतःच करारभंगाचा दोषी ठरू शकतो.

दुसरी चूक भाषेची. नोटीस लिहिणाऱ्याच्या मनात राग असतो आणि तो क्रियापदात उतरतो : ‘आपला दोष निःसंशय सिद्ध झाला आहे; कारणे दाखवा.’ दोष सिद्धच झाला असेल, तर कारणे कशाला विचारावयाची? सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने एका मासळी निर्यातदाराला दिलेल्या नोटिशीत असाच मजकूर होता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती नोटीस व तिच्यावर आधारलेला नोंदणी रद्द करण्याचा आदेश, दोन्ही रद्द केले. कारण नोटीस देतानाच अधिकाऱ्याने मन बंद करून घेतले होते. म्हणून पहिल्या पत्रात ‘कागदपत्रांवरून असे दिसते’ आणि ‘पुढील कारवाई योजिली आहे’ ही भाषा योग्य. ‘ठरले आहे’ ही भाषा दुसऱ्या पत्राची.

तिसरी गोष्ट वेळेची. आपल्या उदाहरणातील कारखान्याने ऑगस्टपासून उशिरा व अपुरा येणारा माल काही न लिहिता उतरवून घेतला असेल, तर तो अडचणीत येतो. करार कायद्याच्या 55 व्या कलमाप्रमाणे, वेळ हा कराराचा गाभा असतानाही उशिराची पूर्तता स्वीकारली, आणि भरपाई मागण्याचा इरादा त्याच वेळी कळवला नाही, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. नाशिकच्या डाव्या कालव्यावरील एका जलसेतूच्या बांधकामाचे प्रकरण याच जातीचे आहे. काम जुलै 1955 पासून बारा महिन्यांत पुरे व्हावयाचे होते. ते झाले नाही, आणि ऑगस्ट 1956 मध्ये सरकारने करार एकदम रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये हे रद्द करणे बेकायदा ठरवले. करारात मुदतवाढीची व विलंबाच्या दंडाची तरतूद होती. म्हणून वेळ हा कराराचा गाभा धरता येत नव्हता. सरकारने आधी नवी वाजवी मुदत ठरवून द्यावयास हवी होती आणि ती चुकल्यावरच करार तोडावयास हवा होता.

आता सिलतऱ्याकडे परत येऊ. समजा, 5 नोव्हेंबरला नोटीस गेली आणि पुरवठादाराचे उत्तर मुदतीत आले. तो म्हणतो, ‘ऑगस्टमध्ये कारखान्याचा वजनकाटा दुरुस्तीत होता, म्हणून माझा 200 टन माल फाटकावरून परत गेला.’ खरेदी अधिकाऱ्याने फाटकावरची नोंदवही पाहिली, तेव्हा हे खरे निघाले. नोटिशीचा उपयोग येथे दिसतो. तूट 1,360 टनांची नव्हे, तर 1,160 टनांची धरावयास हवी, हे नोटीस दिल्यामुळेच वेळेत कळले. ही तपासणी न करता पत्र गेले असते, तर लवादापुढे कारखान्याचा पहिलाच आकडा खोटा ठरला असता.

अंतिम पत्र या तपासणीतून जन्मते. ते नोटिशीचा व उत्तराचा दिनांकासह उल्लेख करते. वजनकाट्याबद्दलचे म्हणणे मान्य करून 200 टन वगळल्याचे सांगते. उरलेल्या 1,160 टनांबद्दलचा खुलासा का पटला नाही, ते कारणांसह लिहिते. ‘आपले उत्तर समाधानकारक नाही’ एवढेच वाक्य हे कारण नव्हे. तो केवळ निष्कर्ष आहे. त्यानंतर करार कोणत्या कलमाखाली व कोणत्या दिवसापासून संपला, वाटेत असलेल्या ट्रकांचा माल घेतला जाईल की नाही, अनामतीचे काय होईल आणि आधीच्या मालाचा हिशेब केव्हा पुरा होईल, हे ते सांगते. करार संपला, तरी जुन्या देण्याघेण्याची बाकी व लवादाचे कलम संपत नाही.

या वेळी एक मोह होतो. कोळशात दगड फार निघत होते, हे कोणाला तरी आठवते आणि तो आरोपही अंतिम पत्रात घालावा असे वाटते. तो घालू नये. नोटिशीत नसलेल्या आरोपावर पुरवठादाराला बोलता आलेले नसते. आरोप महत्त्वाचा असेल, तर पूरक नोटीस देऊन पुन्हा उत्तर मागावे. त्यात पंधरा दिवस अधिक जातील, पण निर्णय टिकेल.

अंतिम पत्रावर सही करण्यापूर्वी दोन्ही पत्रे शेजारी ठेवून एकदा वाचून पाहावीत. दुसऱ्यातील प्रत्येक आरोप आणि प्रत्येक शिक्षा पहिल्यात सापडली पाहिजे. आणि पुरवठादाराच्या उत्तरातील प्रत्येक मुद्द्याला दुसऱ्यात जबाब मिळाला पाहिजे. यांपैकी एखादी ओळ जुळत नसेल, तर सहीचा दिवस अजून आलेला नाही, असे समजावे.