‘एनी अपडेट?’ला उत्तर का येत नाही

मुलाखत होऊन आठवडा उलटतो, फोन येत नाही, मग उमेदवार मेल टाकतो : ‘एनी अपडेट?’ रिक्रूटर तो वाचते आणि बाजूला ठेवते. दर वेळी हा उर्मटपणा असतो असं नाही. पुष्कळदा तिच्याकडेच सांगण्यासारखं काही नसतं. पॅनेलने फीडबॅक भरलेला नसतो, मॅनेजरला आणखी दोघांना भेटायचं असतं किंवा जागेची मंजुरी वर अडकलेली असते. निवड शेवटी मॅनेजर करतो. त्यामुळे मेल उघडताना ती एवढंच पाहते, की यातलं त्याला पुढे पाठवण्याजोगं काय आहे?

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत नेहमी दिसणारा प्रसंग घ्या. जावा डेव्हलपरच्या जागेसाठी मंगळवारी दुसरी फेरी झाली. ‘शुक्रवारपर्यंत कळवतो’ असं सांगितलं होतं, पण शुक्रवार कोरडाच गेला. उमेदवाराने सोमवारी सकाळी, मुलाखतीचं बोलावणं आलं होतं त्याच मेलला उत्तर देऊन लिहिलं : ‘मंगळवारी जावा डेव्हलपर पदासाठी माझी दुसरी फेरी झाली. तेव्हा माझा नोटिस पीरियड ९० दिवस होता. आता कंपनी ६० दिवसांत सोडायला तयार आहे आणि रिलीव्हिंगची तारीख लेखी मिळाली आहे. पुढची फेरी असल्यास साधारण कधी?’

हा मेल जसाच्या तसा मॅनेजरकडे जातो. ९० दिवस थांबायचं आणि ऐन वेळी उमेदवाराने दुसरीकडे जॉइन व्हायचं, हा मॅनेजरचा जुना ताप असतो. महिनाभर आधी येणारा माणूस त्याच्या हिशेबात लगेच वर सरकतो. शिवाय जुन्याच मेलला उत्तर दिल्यामुळे हा कोण, कुठल्या जागेसाठी आला होता, हे रिक्रूटरला शोधत बसावं लागत नाही.

हातात दुसरी ऑफर असेल तर तेही कळवावं, उत्तर द्यायच्या शेवटच्या तारखेसकट. ती तारीख दाखवून रिक्रूटर फीडबॅक लवकर मागू शकते. ऑफर नसताना मात्र ही थाप महागात पडते. ‘ऑफर लेटर पाठवा’ असं उत्तर आलं, की पुढे बोलायला जागा उरत नाही.

वैताग आणतो तो भडिमार. सकाळी मेल, दुपारी व्हॉट्सअ‍ॅप, संध्याकाळी ‘मेल पाहिला का?’ म्हणून फोन. त्याहून वाईट म्हणजे थेट डायरेक्टरला सीसी. निर्णय त्याने लवकर होत नाही. उलट रिक्रूटरला वर खुलासा द्यावा लागतो आणि हा माणूस टीममध्येही असाच वागेल का, अशी शंका मॅनेजरच्या मनात येते.

नकार ठरलाच असेल, तर कितीही नेटका मेल तो फिरवू शकत नाही. पहिल्या मेलनंतर आठवड्याने आणखी एक पाठवावा. त्यालाही उत्तर नाही आलं, तर जागा ‘होल्ड’वर गेली असेल किंवा दुसऱ्याला ऑफर दिलेली असेल आणि तो जॉइन होईपर्यंत बाकीच्यांना ताटकळत ठेवलं असेल, असं समजून दुसरीकडच्या मुलाखती चालू ठेवाव्यात.