कांगड्याचा धडा आणि आपलं मीठ

गलगंड हा आयोडीनच्या कमतरतेचा सर्वांत कमी घातक परिणाम आहे. हे वाक्य मी वर्गात इतकी वर्षं सांगत आलो की माझे जुने विद्यार्थी भेटले की तेच मला ऐकवतात. तरीही आजही मिठातल्या आयोडीनचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतो तो गळ्याला आलेला गोळा, आणि तो हल्ली दिसत नाही म्हणून लोक विचारतात, आता मिठात हे घालायचं तरी कशाला? या प्रश्नाचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. एक आईच्या पोटात आणि दुसरं हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात.

आधी पोटातलं. थायरॉइड ग्रंथी जे मुख्य संप्रेरक तयार करते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नसेल तर संप्रेरक नाही. ते कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडला सतत इशारे देत राहते. बिचारी थायरॉइड मिळेल तेवढं आयोडीन ओढून घेण्यासाठी वाढत जाते. वाढलेली ही ग्रंथी म्हणजेच गलगंड. म्हणजे गळ्यावरची सूज हा शरीराने केलेला निभाव आहे. निभाव लागतो तोवर बाई हिंडते-फिरते, शेतात राबते, तिला स्वतःला फारसं काही जाणवतही नाही.

पण गर्भाचं तसं नाही. पहिले तीनेक महिने बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते. त्या काळात त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या संप्रेरकावर चालते. आईकडेच तुटवडा असेल तर मेंदूचं जे नुकसान होतं ते पुढे कितीही आयोडीन दिलं तरी भरून निघत नाही. तीव्र कमतरतेच्या मुलखात अशी मुलं बहिरी-मुकी, तिरळी, पाय ताठरलेली, बुद्धीने खुंटलेली जन्मतात. काहींची उंचीही खुंटते. गर्भपात आणि मृत बालकांचा जन्म हेही त्याच माळेतले. आणि या उघड दिसणाऱ्या मुलांच्या मागे कितीतरी मुलं अशी असतात की ज्यांचं काही बिघडलंय हे कुणाच्याच ध्यानात येत नाही. ती फक्त शाळेत मागे पडतात. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या आसपास पापुआ न्यू गिनीत फॅरो यांनी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शनं देऊन हे स्वच्छ दाखवून दिलं. दिवस राहण्याआधी ज्या बायकांना इंजेक्शन मिळालं त्यांची मुलं वाचली. दिवस राहिल्यावर ज्यांना मिळालं त्यांच्यापैकी काहींना उशीर झाला होता. म्हणून आयोडीन आजारी माणसाला द्यायचं औषध होऊ शकत नाही. ते प्रत्येक मुलीच्या पोटात, लग्नाच्या कितीतरी आधीपासून, रोज जायला हवं.

गरज तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला 250. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर जेमतेम चार ग्रॅम, चहाच्या चमच्याला पुरतं भरणारही नाही एवढं. पण शरीर साठा फार काळ धरत नाही, त्यामुळे ते थोडं थोडं आणि सतत मिळायला हवं. पाऊस, पूर आणि हिमनद्या यांनी डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन युगानुयुगं धुऊन नेलं आहे. त्या मातीतल्या धान्यात ते नाही, त्या चाऱ्यावरच्या म्हशीच्या दुधातही नाही.

कांगड्याआधीचा इतिहास मी झटकन उरकतो, कारण तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. 1811 मध्ये आयोडीनचा शोध लागला, 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरलं, 1922 मध्ये स्वित्झर्लंडने मिठाचा मार्ग धरला, 1924 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनने. आता कांगड्याकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यातली सुमारे एक लाखाची वस्ती निवडली. तिचे तीन भाग केले. एका भागाला पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ, दुसऱ्याला साधं मीठ, तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं मीठ. सुरुवातीला तिन्हीकडे गलगंडाचं प्रमाण मोठं होतं. गळा तपासायची पद्धत अगदी साधी: थायरॉइडचा एकेक खंड बोटांनी चाचपायचा आणि ज्याचा गळा तपासतो आहोत त्याच्याच अंगठ्याच्या शेवटच्या पेराशी ताडून पाहायचा. खंड पेराहून मोठा लागला तर गलगंड. लहान मुलाला लहान पेर, मोठ्या माणसाला मोठं. मापपट्टी ज्याची त्याच्या हातातच. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी नेहमी सांगे की डोळ्यांवर विसंबू नका, बोटांवर विसंबा. मान ताठ ठेवल्यावर दिसणारा गलगंड ही फार पुढची पायरी असते.

1962 मध्ये फेरतपासणी झाली. आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंड निम्म्याच्या आसपास उतरला होता. साधं मीठ खाणारा भाग होता तिथेच होता. डोंगर तेच, पाणी तेच, अन्न तेच, फरक फक्त मिठाचा. मग मधल्या भागालाही आयोडेटचं मीठ सुरू केलं आणि 1968 पर्यंत तिथलाही आजार खाली आला. या कामाचा अहवाल 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात आला. त्याच्या लेखकांत देव आणि करमरकर ही आपली दोन आडनावं आहेत, आणि मराठी वैद्यकीय विद्यार्थ्यांना ती ठाऊक नसतात, याची मला खंत आहे.

कांगड्याने आणखी एक गोष्ट पक्की केली, आणि व्यवहारात तीच जास्त मोलाची ठरली. आपल्याकडचं मीठ म्हणजे ओलसर, अशुद्ध, गोणीत भरून उघड्यावर पडलेलं मीठ. अशा मिठात आयोडाइड टिकत नाही. हवा आणि ओल यांनी आयोडीन उडून जातं. आयोडेट तग धरतं, आणि शरीरात गेल्यावर त्याचं आयोडाइडच होतं. म्हणून आपण आयोडेट घेतलं. सरकत्या पट्ट्यावरच्या मिठावर त्याच्या द्रावणाचा फवारा मारतात. एक टन मिठाला 30 ग्रॅम आयोडीन, म्हणजे सुमारे 50 ग्रॅम आयोडेट पुरतं. 1988 च्या नियमाने कारखान्यात दशलक्ष भागांत 30 भाग आणि दुकानात, घरात किमान 15 भाग अशी मर्यादा घातली. या 15 ला हिशेब आहे. दिवसाला दहा ग्रॅम मीठ धरलं तर बरोबर 150 मायक्रोग्रॅम मिळतात.

काही जाणकार म्हणवणारी मंडळी माझ्याशी वर्षानुवर्षं वाद घालत आली की गलगंड कोबी, बाजरी, दूषित पाणी यांनीही होतो, मिठाचं एवढं स्तोम कशाला? थायरॉइडला अडवणारे पदार्थ अन्नात असतात हे खरं आहे. पण त्यांचा जोर चालतो तो आयोडीन तुटपुंजं असेल तिथे. दुसरा पक्ष म्हणे की हे हिमालयाचं दुखणं, आमच्या माथी का? पुढच्या पाहण्यांनी त्यांना उत्तर दिलं. गुजरातेत भडोच, आपल्याकडे औरंगाबाद आणि पुणे जिल्ह्यांतही गलगंड सापडला. तिसरा युक्तिवाद कोकणातला: समुद्राच्या मिठात आयोडीन असतंच. नसतं. समुद्राच्या पाण्यातच ते अत्यल्प असतं, आणि मिठागरात मीठ जमतं तेव्हा बहुतेक आयोडीन मागे राहिलेल्या कडवट पाण्यात जातं नाहीतर हवेत उडतं. कोकणी माणसाला आयोडीन मिळतं ते मासळीतून.

या वादांचं मला वाईट वाटतं ते त्यांनी धोरणाला हात घातला म्हणून. 1998 मध्ये आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला देशभर बंदी आली. 2000 मध्ये केंद्राने ती उठवली. मीठ हा निवडीचा आणि छोट्या उत्पादकांच्या हक्काचा प्रश्न आहे असं सांगितलं गेलं. परिणाम सरकारच्याच पाहण्यांत उतरला. 1998-99 मध्ये पुरेसं आयोडीन असलेलं मीठ सुमारे 49 टक्के घरांत होतं. 2002-03 मध्ये ते 30 टक्क्यांवर घसरलं. 2006 मध्ये बंदी परत आली. मधल्या वर्षांत जन्मलेल्या मुलांना ही संधी दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. छोट्या मिठागरवाल्याची अडचण खरी होती, पण तिचा उपाय त्याला फवारणीचं यंत्र आणि आयोडेट स्वस्तात देणं हा होता.

आता सध्याचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नव्वद टक्क्यांहून जास्त घरांच्या मिठात आयोडीन सापडतं आणि सगळे निर्धास्त होतात. पण त्या पाहणीतली चाचणी म्हणजे मिठावर टाकलेला एक थेंब: आयोडेट असेल तर मीठ जांभळट निळं होतं. मीठ अल्कधर्मी असेल तर रंगच येत नाही, तेव्हा आधी दुसऱ्या द्रावणाचा थेंब टाकून पुन्हा पाहावं लागतं. हा थेंब आयोडीन आहे की नाही एवढंच सांगतो, किती आहे ते सांगत नाही. 15 भागांची अट लावून मोजलं की आकडा तीन चतुर्थांशाजवळ येतो.

किती आहे ते टायट्रेशन सांगतं, आणि ते आमच्या विभागात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून करून घेतलं जाई. दहा ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवायचं, त्यात सल्फ्युरिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून दहा मिनिटं अंधारात ठेवायचं. पिवळं पडलेलं द्रावण थायोसल्फेटने उतरवत न्यायचं. रंग फिकट गवती झाला की मगच स्टार्च टाकायचा. आधी टाकला तर शेवट चुकतो. गर्द निळं झालेलं द्रावण एका थेंबात रंगहीन होतं, तिथे थांबायचं. 0.005 नॉर्मल थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलीटर म्हणजे 10.58 भाग. ब्युरेट 2.8 वर थांबली तर मीठ कारखान्यातून निघाल्यासारखं, 1.4 च्या खाली थांबली तर ते नापास. किराणा दुकानातून आणलेली पुडी, झाकण नसलेल्या बरणीतलं मीठ, गोणीतलं खडेमीठ असे नमुने ओळीने मांडले की भाषणाची गरज उरत नसे. आता हा प्रयोग तोंडी परीक्षेतल्या एका प्रश्नापुरता राहिला आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी तो करू शकणारी माणसं शोधावी लागतात.

त्यातच गुलाबी मिठाची लाट आली. उपासाचं शेंदेलोण वर्षातून काही दिवस खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण आरोग्याच्या नावाखाली तेच मीठ बारा महिने वापरणाऱ्या सुशिक्षित घरांत तरुण सुना-मुली आहेत, आणि खाणीतल्या त्या मिठात गरजेपुरतं आयोडीन नसतं. आयोडीनमुळे थायरॉइडचे आजार वाढले असं सांगणाऱ्यांनाही सरळ उत्तर द्यायला हवं. ज्यांच्या थायरॉइडमध्ये जुन्या गाठी आहेत अशा काहींची ग्रंथी आयोडीन मिळाल्यावर जादा काम करू लागते, हे खरं. शहरांत दिसणारा हायपोथायरॉइडिझम बहुतेक वेळा शरीराच्या प्रतिकारशक्तीने ग्रंथीवरच हल्ला केल्याने होतो. मीठ बदलून तो बरा होत नाही. आणि रक्तदाबासाठी मीठ कमी करा हा सल्लाही आयोडीनच्या आड येत नाही: मीठ कमी झालं तर त्यातलं आयोडीनचं प्रमाण वाढवता येतं.

माती सुधारलेली नाही, त्यामुळे मिठातलं आयोडीन थांबलं की आजार परत येतो. तेव्हा वाचकांना सांगणं इतकंच: रोजच्या स्वयंपाकाचं मीठ आयोडीनयुक्तच घ्या, ते कोरड्या, झाकणाच्या बरणीत आणि चुलीपासून दूर ठेवा, आणि शक्यतो पदार्थ उतरवताना घाला. आणि घरात कुणी गरोदर असेल किंवा होणार असेल, तर गुलाबी मिठाची पिशवी उपासापुरतीच राहू द्या.