सोळाही गेट एकाच वेळी संथ?

चिप कारखान्यात जाण्याआधी तिचा वेळ तपासला जातो. एका फ्लिपफ्लॉपमधून निघालेला सिग्नल मधले गेट पार करून, क्लॉकचा पुढचा ठोका पडायच्या आत दुसऱ्या फ्लिपफ्लॉपपाशी पोचला पाहिजे. या वाटेला पाथ म्हणतात. असा एकच पाथ घेऊ. त्यात 16 सारखे गेट आहेत, प्रत्येकाला सरासरी 20 पिकोसेकंद लागतात आणि हातात 400 पिकोसेकंद आहेत. 16 गुणिले 20 म्हणजे 320. वेळ भरपूर आहे असं वाटतं.

पण छापलेले सगळे गेट सारखे निघत नाहीत. ट्रान्झिस्टरमध्ये मिसळलेले अशुद्धीचे अणू इतके थोडे असतात की शेजारच्या दोन ट्रान्झिस्टरमध्येही त्यांची संख्या कमी-जास्त होते, आणि तेवढ्यानेही वेग बदलतो. आपल्या गेटचं प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, 2 पिकोसेकंद धरू. सरासरीपेक्षा तीन सिग्मा संथ, म्हणजे 26 पिकोसेकंदांहून जास्त वेळ घेणारा गेट साधारण 740 मध्ये एक निघतो.

कॉर्नरची जुनी रीत, सोप्या रूपात, अशी: प्रत्येक गेटला तोच वाईटात वाईट आकडा द्यायचा. 16 गुणिले 26 म्हणजे 416. रिपोर्टमध्ये ओळ उमटते:

```
slack (VIOLATED)   -16
```

मग इंजिनिअर गेट मोठे करतो. जागा जाते, वीज जाते, आणि शेजारच्या पाथवरचा भार वाढतो. पण 16 गेट एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ते सगळेच एकाच चिपवर इतके संथ निघण्याची शक्यता इतकी नगण्य आहे की तेवढ्या चिप जगात कधी बनणारही नाहीत. कुठला गेट रेंगाळेल, तर कुठला वेळ भरून काढेल.

सांख्यिकी टायमिंग विश्लेषण गेटला एक आकडा न देता वितरण देतं: सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा. स्वतंत्र गेटची बेरीज करताना सरासऱ्या सरळ मिळवायच्या असतात, सिग्मांचे मात्र वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं असतं. 16 गेटचा सिग्मा त्यामुळे 32 नाही, 8 होतो, आणि तीन सिग्मांचा वेळ 344 वर येतो.

इथेच हुरळून जाणं धोक्याचं आहे. सगळा फरक स्वतंत्र नसतो. एखादा वेफर मुळातच संथ निघतो, तेव्हा त्यावरच्या चिपमधले सगळे गेट मिळून संथ होतात. हा सामायिक भाग पाथ लांबला तरी विरत नाही. आपल्या गेटच्या फरकाचा अर्धा भाग सामायिक आणि अर्धा स्वतंत्र धरला (अर्धा म्हणजे सिग्माच्या वर्गाचा), तर पाथचा सिग्मा साधारण 23 होतो आणि तीन सिग्मांचा वेळ 390. म्हणून प्रत्येक डिले सरासरी, सामायिक घटकांचे वाटे आणि स्वतःचा स्वतंत्र वाटा अशा बेरजेच्या रूपात ठेवावा लागतो. आयबीएममधल्या चंदू विश्वेश्वरैया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच होता.

खरी अडचण बेरजेत नाही, दोन पाथ एका गेटवर येऊन मिळतात तिथे आहे. जो सिग्नल उशिरा येईल, त्याच्यासाठी गेट थांबतो. दोन्हींची सरासरी 320, सिग्मा 8 आणि दोन्ही स्वतंत्र असतील, तर उशिरा येणाऱ्याची सरासरी 320 राहत नाही, साडेचार पिकोसेकंदांनी वाढते. ती काढण्याचं गणित क्लार्क यांनी 1961 मध्येच लिहिलं होतं. ही वाढ विसरून चालत नाही. 100 स्वतंत्र पाथ जर प्रत्येकी तीन सिग्मांवर जेमतेम पास होत असतील, तर सगळेच पास होणाऱ्या चिप शंभरात 87 च निघतील. सामायिक फरक जास्त असेल, तर नापास होणारे पाथ त्याच त्या चिपवर गोळा होतात आणि नुकसान कमी होतं. माझ्या मते या पद्धतीचा मोठा लाभ हाच आहे: अमुक वेगाला शंभरातल्या किती चिप चालतील, हे आधीच सांगता येतं. कॉर्नर फक्त पास किंवा नापास म्हणतो.

मर्यादाही आहेत. व्होल्टेज आणि तापमान कुठल्याही टोकाला असलं तरी चिप चालायलाच हवी, त्यामुळे त्यांचे कॉर्नर सहसा तसेच राहतात. व्होल्टेज फार कमी केलं की गेटच्या डिलेचं वितरण एका बाजूला लांब शेपूट काढतं. तिथे घंटेच्या आकाराचा आलेख गृहीत धरला, तर धोका कमी दिसतो. ते ओळखायचं, तर त्या पाथचं मॉन्टे कार्लो सिम्युलेशन हजारो वेळा चालवून शेपूट ताडून पाहावं लागतं. आणि कारखान्याकडून आलेलं सामायिक-स्वतंत्र प्रमाण चुकलं, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

ते प्रमाण बरोबर असेल, तर आपल्या पाथवरचं -16 हे +10 होतं, आणि त्यासाठी एकही गेट बदलावा लागत नाही.