मोडलेला खडू आणि मोरचं वर्तुळ

एक नवा, अख्खा खडू घ्या. दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि न वाकवता, टॉवेल पिळावा तसा पिळा. खडू मोडेल, पण आडवा सरळ कापल्यासारखा नाही. मोडलेली कड तिरकी, जिन्यासारखी वर चढत गेलेली दिसेल. कोनमापक लावलात तर ती खडूच्या लांबीशी साधारण 45 अंशांचा कोन करते. आता उलट्या दिशेनं पिळून दुसरा खडू मोडा. जिना उलट्या बाजूनं चढलेला असेल. आपण नुसतं पिळलं, ओढलं कुठेच नाही. मग खडू हीच तिरकी वाट का धरतो?

याचं उत्तर एका वर्तुळात आहे. ख्रिस्तियान ओटो मोर हे मूळचे रेल्वेचे आणि पुलांचे जर्मन इंजिनिअर. पुढे ते ड्रेस्डेनला प्राध्यापक झाले आणि 1882 साली त्यांनी हे वर्तुळ मांडलं. अशी आकृती त्यांच्याआधी कार्ल कुलमान यांनीही वापरली होती, पण नाव राहिलं ते मोर यांचं.

वर्तुळाकडे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. पदार्थाच्या आत एखाद्या जागी किती जोर पडतो आहे, हे एका आकड्यात सांगता येत नाही. त्या जागेतून मनातल्या मनात एक काप घ्यावा लागतो. कापाच्या एका बाजूचा पदार्थ दुसऱ्या बाजूला धरून ठेवतो, आणि ही धरपकड दोन प्रकारची असते. एक कापाला काटकोनात, म्हणजे सरळ ओढणारा ताण किंवा दाबणारा दाब. दुसरी कापाला समांतर, म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधले पत्ते एकमेकांवरून सरकवल्यासारखी. हिला इंजिनिअर शिअर म्हणतात. दर चौरस मिलिमीटरला पडणारा जोर म्हणजे प्रतिबल. एका चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन म्हणजे एक मेगापास्कल. मेख अशी की जागा तीच, भार तोच, पण काप तिरका केला की दोन्ही आकडे बदलतात. काप तर हव्या त्या कोनात घेता येतो. मग सगळ्यात वाईट काप कोणता?

यंत्रातली एक शाफ्ट घेऊ. पट्ट्याच्या ओढीमुळे ती वाकते आणि मोटर तिला पिळते. तिच्या पृष्ठभागावर एक बारीकसा चौकोन कल्पा, ज्याच्या दोन कडा शाफ्टच्या लांबीला समांतर आहेत. वाकण्यामुळे लांबीच्या दिशेनं 60 मेगापास्कल ताण आहे, आडव्या दिशेनं काही नाही, आणि पिळामुळे 40 मेगापास्कल शिअर आहे.

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर ताण उजवीकडे आणि दाब डावीकडे, उभ्या अक्षावर शिअर, आणि एक सेंटिमीटरला 10 मेगापास्कल. शाफ्टच्या लांबीला काटकोनात असलेल्या कडेवर ताण 60 आणि शिअर 40, म्हणून पहिला बिंदू (60, 40). तिला लागून असलेल्या कडेवर ताण शून्य आणि शिअर तेवढंच, पण चौकोनाला उलट फिरवणारं, म्हणून दुसरा बिंदू (0, −40). दोन्ही बिंदू पट्टीनं जोडा. रेघ आडव्या अक्षाला 30 वर छेदते. तिथे कंपासचं टोक ठेवा आणि दोन्ही बिंदूंमधून जाणारं वर्तुळ काढा. त्रिज्या पायथागोरसनं मिळते: √(30² + 40²) = 50.

झालं. या वर्तुळाच्या परिघावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे त्या जागेतून घेतलेला एकेक काप. सगळ्यात उजवीकडचा बिंदू 30 + 50, म्हणजे 80 वर आहे. सगळ्यात डावीकडचा 30 − 50, म्हणजे −20 वर. या दोन कापांवर शिअर अजिबात नाही, नुसता ताण किंवा नुसता दाब. हीच प्रमुख प्रतिबलं. सगळ्यात उंच बिंदूची उंची 50, म्हणजे त्रिज्येएवढी. ते सर्वांत मोठं शिअर. त्या कापावर ताण मात्र शून्य नसतो, तो केंद्राएवढा, म्हणजे 30 असतो. मुळात 60 आणि 40 एवढेच आकडे दिसत होते. त्यांच्यामागे 80 आणि 50 दडलेले होते.

हे काप नेमके कुठे? वर्तुळावरचा कोन नेहमी दुप्पट असतो. काप 180 अंश फिरवला की तो पुन्हा तोच काप होतो, पण तेवढ्यात वर्तुळावर पूर्ण फेरी झालेली असते. म्हणूनच एकमेकींना काटकोनातल्या दोन कडा व्यासाच्या दोन टोकांना आल्या. आपल्या शाफ्टमध्ये पहिल्या बिंदूपासून 80 पर्यंतचा कोन सुमारे 53 अंश आहे, म्हणून प्रत्यक्षात काप त्याच्या निम्मा, साधारण साडेसव्वीस अंश फिरवायचा.

कोणत्या बाजूला, इथे विद्यार्थी हमखास चुकतात. चौकोनाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवणारं शिअर वर मांडलं, तर वर्तुळावर आणि वस्तूत फिरण्याची दिशा एकच राहते. उलट मांडलं तरी 80 आणि 50 बरोबरच येतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही; दिशा मात्र आरशातली निघते. पडताळा सोपा आहे. शिअरचे बाण चौकोनाच्या ज्या दोन कोपऱ्यांत समोरासमोर येऊन भिडतात, त्यांना जोडणाऱ्या कर्णाच्या बाजूलाच मोठा ताण झुकलेला असला पाहिजे.

आता खडूकडे परत येऊ. नुसत्या पिळात ताण शून्य, म्हणून वर्तुळाचं केंद्र थेट शून्यावर. शिअर जेवढं, तेवढीच त्रिज्या, आणि तेवढाच प्रमुख ताण. वर्तुळावर तो 90 अंश दूर, म्हणजे खडूत 45 अंशांवर. खडू ओढला गेला की चटकन तुटतो, म्हणून तो त्या तिरक्या कापावर फाटतो. बिडाची कांबही तशीच तुटते. मऊ पोलादाची कांब पिळली तर मात्र ती आडवी, सपाट तुटते, कारण पोलाद शिअरपुढे आधी हार मानतं आणि सर्वांत मोठं शिअर आडव्या कापावरच असतं. वर्तुळ दोघांचं एकच. कोण कुठल्या बिंदूला बळी पडतो, ते पदार्थ ठरवतो.

या वर्तुळाची एक मर्यादा महागात पडू शकते. पातळ पत्र्याच्या दंडगोल टाकीत आतून दाब भरला, की घेराच्या दिशेनं जेवढा ताण येतो त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेनं येतो. समजा 240 आणि 120. वर्तुळ काढलं तर त्रिज्या 60, म्हणजे शिअर 60. पण वस्तूला तिसरी दिशाही असते. पत्र्याच्या जाडीच्या दिशेनं, बाहेरच्या पृष्ठभागावर, प्रतिबल शून्य आहे. 0 आणि 240 यांच्यावर वर्तुळ काढलं की त्रिज्या 120 होते. 250 मेगापास्कलला कायमचं ताणलं जाणारं साधं पोलाद साधारण 125 शिअरला सरकू लागतं असं धरतात. पहिलं वर्तुळ पाहणाऱ्याला टाकी निम्म्यानं सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात ती काठावर उभी असते.

आपल्या शाफ्टमध्ये हा घोळ झाला नाही, कारण तिथलं शून्य 80 आणि −20 यांच्या मधेच पडतं. म्हणून दोन्ही प्रमुख प्रतिबलं शून्याच्या एकाच बाजूला आली, की कंपास खाली ठेवू नका. शून्यापासून आणखी एक वर्तुळ काढा, आणि शिअर त्याच्यावरून वाचा.