घरातली तिसरी भाषा

माझा नवरा मदुराईचा, मी पुण्याची. लग्नानंतरचे पहिले काही महिने आम्ही इंग्रजीतच बोलायचो. दुपारच्या फोनवर मात्र मी मराठीत विचारायचे, “जेवलास का?” एके दिवशी त्याने तोच प्रश्न जसाच्या तसा मला केला, “तू जेवलास का?” तमिळमध्ये हे विचारायला ‘साप्टिया?’ म्हणतात. समोर बाई असो वा पुरुष, क्रियापद तेच राहतं. त्यामुळे मला ‘जेवलीस’ म्हणायचं असतं हे त्याला सुचणार तरी कसं? मी हसून म्हटलं, “जेवलो!” आज बारा वर्षांनी त्याचं मराठी पक्कं झालंय, तरी हा प्रश्न तो तसाच विचारतो आणि मी तसंच उत्तर देते.

जोडप्यांच्या अशा खासगी शब्दांवर हॉपर, नॅप आणि स्कॉट या अमेरिकी अभ्यासकांनी 1981 साली लिहिलं. त्यांना त्यात फक्त लाडाची नावं सापडली नाहीत. चिडवणं, काही मागणं, तिसऱ्या माणसाला ठेवलेली नावं, हेही होतं. दोन भाषांच्या घरात यासाठी कच्चा माल दुप्पट असतो. आमच्याकडे चहा ‘कोंजमसा’ लागतो. ‘कोंजम’ म्हणजे तमिळमध्ये थोडं; त्याला मी ‘थोडासा’मधला ‘सा’ जोडला. मिश्र बोलण्यात बहुतेकदा असंच होतं: वाक्याचा सांगाडा एका भाषेचा असतो आणि शब्द दुसरीतून येतो.

पण सगळेच शब्द टिकत नाहीत. ‘कोंजमसा’ टिकला, कारण तो दोघांच्या जिभेवर सहज बसतो आणि दिवसातून दोनदा चहाच्या वेळी लागतोच. पावसाला तमिळमध्ये जो शब्द आहे, त्यातला ‘ळ’सारखा वाटणारा उच्चार मला जमेना. तो दरवेळी दुरुस्त करायचा. शेवटी मी तो शब्द म्हणणंच सोडलं.

‘धांदरट’ तर माझ्यामुळे गेला. तमिळ लिपीत ‘ध’साठी वेगळं अक्षर नाही. तो प्रेमाने मला ‘दांदरट’ म्हणायचा. एकदा पाहुण्यांसमोर मी त्याची नक्कल केली, सगळे हसले. त्यानंतर तो शब्द त्याच्या तोंडून कधी आला नाही. तीच चूक दोघांत राहिली असती तर तिचा लाड झाला असता. चारचौघांत गेली आणि तिची थट्टा झाली.

शब्द रुजला हे कळतं भांडणात. अबोला असतानाही दुपारी फोन येतो, “जेवलास का?” त्या वेळी दोघांपैकी कुणीही हसत नाही, पण अबोला तिथेच सुटतो.

जोडीदार तुमच्या भाषेत चुकला, तर लगेच दुरुस्त करू नका. आधी ती चूक दोघांपुरती एकदा वापरून बघा.